वाड्याचं फी प्रपोजल आणि माझं 'देखरेखीसह'

प्रश्न: कन्झर्वेशनचं पहिलंच खासगी काम आलंय, जुना वाडा आहे. मालकाला फी प्रपोजल आणि स्कोप ऑफ वर्क पाठवायचंय. फी टक्क्यात लावू की लमसम? कुणाकडे फॉर्मॅट असेल तर द्या.

फॉर्मॅट माझ्याकडे होता. एका सीनियरने दिलेला, नव्या बंगल्यांसाठी चालणारा, त्यातलं 'बंगला' खोडून 'वाडा' टाकलं आणि पाठवून दिला. सुरुवातीची गोष्ट आहे, अमळनेर तालुक्यातला दुमजली वाडा, धाब्याचा म्हणजे मातीच्या सपाट छताचा, मालक दोघे भाऊ, थोरले आप्पा गावात आणि धाकटे पुण्याला. मी लिहिलं होतं, अंदाजे खर्च 22 लाख, फी 8 टक्के, 'ड्रॉइंग, सल्ला व देखरेखीसह, सर्व धरून'. एक पान. आप्पांनी वाचून लगेच सही केली तेव्हाच मला समजायला हवं होतं.

22 लाख मी काढले कुठून तर खालून वर बघून. तुळया काळ्या पडलेल्या, दोन ठिकाणी छत वाकलेलं, म्हणून धरलं की वरच्या मजल्याचं सगळं लाकूड बदलायचं. पण तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं ना, तेच सडतं आणि तेच दिसत नाही. काम सुरू झाल्यावर भिंत टोकाशी फोडून बघितली, बारा तुळयांपैकी फक्त पाच गेलेल्या, त्याही शेवटचा दीड-दोन फूट. हातोडीने वाजवलं की चांगलं सागवान टणटण बोलतं, हे भद्द आवाज देत होतं, दाभण टोचली तर दोन इंच आत. आणि पाचही तुळया एकाच भिंतीतल्या, मागच्या, जिथं पन्हाळीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीतच मुरत होतं. बाकी सात तुळया अजून पन्नास वर्षं हलल्या नसत्या.

मग मी म्हटलं बदलायच्या कशाला, सडलेलं टोक कापू, जुन्याच सागाचा तुकडा सांध्याने जोडू, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी आणि बोल्ट, आणि टोकाभोवती भिंतीत थोडी हवा खेळायला जागा ठेवू, चुना कोंबून बंद नाही करायचं. स्ट्रक्चरल इंजिनियरला आणून दाखवलं, त्याने पट्टीची जाडी काढून दिली, त्याची फी 15 हजार, ती पण माझ्याच खिशातून कारण 'सर्व धरून'. खर्च 22 वरून 14 लाखांवर आला. आप्पा खूश. आता 8 टक्क्यांचा हिशोब करा: 1,76,000 ची फी 1,12,000 झाली. आठ लाख वाचवल्याबद्दल मला 64 हजारांचा दंड, आणि सांधे करायचे म्हणजे लाकूड बदलण्यापेक्षा जास्त वेळा उभं राहावं लागतं, मिस्त्रीने आयुष्यात असा सांधा केलेला नव्हता.

म्हणून टक्क्यात फी लावू नका. सीनियर मंडळी म्हणतील टक्काच प्रोफेशनल असतो, माझे सीनियर अजून म्हणतात, लग्नात भेटले तरी म्हणतात. नव्या बांधकामात चालतो टक्का, तिथं खर्च आणि मेहनत साधारण बरोबर चालतात. संवर्धनात जितकं कमी तोडाल तितकं काम चांगलं आणि तितकीच फी कमी, म्हणजे वाडा तोडण्यात तुमचा फायदा. हे मालकाला कळलं तर तो तुमच्या कुठल्याच अंदाजावर विश्वास ठेवणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

दुसरं, देखरेख. 'देखरेख' म्हणजे किती वेळा हे लिहिलेलं नव्हतं. 41 फेऱ्या झाल्या. जळगावहून तासभर, कधी दीड तास, मे महिन्यात दुपारी एसटीने जाऊन बघा. आणि प्रत्येक फोनला नाही कसं म्हणणार, कारण एकदा खरंच जायलाच पाहिजे होतं आणि मी गेलो नव्हतो. मजुरांनी एका खणातली माती काढून शेजारच्या खणावर ढीग केला. धाब्याची माती एक फूट जाड असली तर चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते, दहा बाय बाराच्या खणावर सहा टन आधीच बसलेले असतात, कारण दरवर्षी पावसाळ्याआधी वर खारी माती टाकत जातात आणि खालची कुणी काढत नाही. त्यावर अजून तेवढीच पडली. छताची कडी तडकली, खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो. मिस्त्री फोनवर म्हणतो, "आते काय करानं साहेब?" माती कोण काढणार, कुठं टाकणार, टेकू कोण लावणार, त्याचा शब्द माझ्या कागदात नव्हता. आप्पा म्हणाले, "देखरेखीत हे येतच असंल ना साहेब." येतच होतं, मीच लिहिलं होतं.

आता मी दोन टप्पे करतो. पहिला टप्पा फक्त पाहणीचा, लमसम, आणि तो दिवसांवरून काढतो: मोजणी दोघांना तीन दिवस, ड्रॉइंगला आठ, उघडून बघायला दोन, रिपोर्टला तीन, झाले एकोणीस मनुष्यदिवस, गुणिले तुमचा रोज. प्रवास वेगळा. त्यात वाक्य असं: 'सहा ठिकाणी भिंत व धाबे उघडून तुळयांची टोके तपासली जातील, मजूर, टेकू व उघडलेली जागा पूर्ववत करणे मालकाकडे.' सहा जागा कुठल्या तेही लिहा, पन्हाळीखालच्या आधी. मालक म्हणेल उघडायची काय गरज, तेव्हा त्याला माझे 22 चे 14 सांगा.

दुसऱ्या टप्प्याची फी पहिल्याचा रिपोर्ट आल्यावरच ठरेल असं स्पष्ट लिहायचं आणि तीही लमसम, ड्रॉइंग आणि बिल ऑफ क्वांटिटीसाठी. फेऱ्या मोजून, समजा पंधरा, सोळावीपासून प्रत्येकी इतके. आणि कुठल्या टप्प्याला मी असल्याशिवाय काम करायचं नाही ते: माती काढणं, टेकू, पहिला सांधा, भिंत बंद करणं. फेऱ्यांची संख्या आणि हे चार क्षण दोन्ही लिहिलेले हवेत, नुसती संख्या लिहिली तर पंधराच्या पंधरा फेऱ्या रंग दाखवण्यात जातात.

नाही म्हणायच्या गोष्टींची वेगळी ओळ करा: इंजिनियरची फी, वाळवीचं औषध, सिटी सर्व्हेची कागदपत्रं, सामान हलवणं, भावकीतले वाद. शेवटचं हसून सोडू नका.

हां, हे सगळं धाब्याच्या वाड्याचं बोलतोय, तुमचा दगडी किंवा पत्र्याचा असेल तर उघडायच्या जागा बदलतील. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, त्या ड्रॉइंगची फी वेगळी. तुमची नोंदणी असेल तर 18 टक्के जीएसटी वरून, 'सर्व धरून' असं परत कुठं लिहू नका. आणि अगदी लहान काम, एखादी पन्हाळ, एखादी भिंत, असेल तर दोन टप्पे वगैरे हास्यास्पद दिसतं, सरळ फेरीमागे पैसे घ्या.

पैशाचे हप्ते मात्र तुम्ही काय हातात दिलं त्यावर बांधा, रिपोर्ट दिला, ड्रॉइंग दिली, पहिला सांधा झाला. मी शेवटचे 20 टक्के 'काम पूर्ण झाल्यावर' ठेवले होते. वरचा मजला झाला आणि मागच्या चौकावरून दोघा भावांचं फिस्कटलं, धाकट्याला तिथं स्लॅब हवा होता. सही फक्त आप्पांची. चौक अजून तसाच आहे, म्हणजे कागदावर काम पूर्ण झालेलं नाही. आप्पा अमळनेरच्या स्टँडवर भेटले की चहा पाजतात, धाबं अजून एक थेंब गळत नाही म्हणून सांगतात, आणि राहिलेल्या 22,400 चा विषय आम्ही दोघंही काढत नाही.