पपई 'उष्ण पडते' म्हणजे नक्की काय?

*"मला चौथा महिना चालूए. सासूबाई पपई आणि अननस घरात आणू देत नाहीत, म्हणतात 'उष्ण पडतं'. हे उष्ण पडणं म्हणजे काय, शब्द आला कुठून, आणि त्यात खरंच काही तथ्य आहे का?"*

आधी शब्द बघू, कारण मला वाटतं अर्धा गुंता त्यातच आहे.

उष्ण हा संस्कृत शब्द, उष् म्हणजे जाळणे या धातूपासून आलेला. प्राकृतात त्याचं झालं उण्ह, आणि तेच घासून घासून मराठीत झालं ऊन. म्हणून ऊन म्हणजे सूर्याचंही आणि ऊन ऊन वरणभातातलंही. उन्हाळा त्यातलाच, आणि लघवीला जळजळ व्हायला लागली की आपण उन्हाळी लागली म्हणतो तीही त्यातलीच. म्हणजे ऊन हे घरचं लेकरू, आणि उष्ण हा शब्द आपण नंतर संस्कृतातून जसाच्या तसा परत आणला आणि त्याला वेगळं काम दिलं. चहा ऊन असतो, पण मेथी उष्ण असते. मेथी फ्रिजमधून काढलेली असली तरी उष्णच! कारण इथे तापमानाचा संबंध नाही, पदार्थ पोटात गेल्यावर काय करतो याबद्दल ते बोलणं आहे. आयुर्वेदात याला वीर्य म्हणतात, उष्ण वीर्य आणि शीत वीर्य, आणि तिथून हा शब्द स्वयंपाकघरात आला.

आता 'पडणं'. जड पडणं, महाग पडणं, भारी पडणं, उष्ण पडणं, या सगळ्यांत एक 'मला' लपलेला असतो. मला मेथी उष्ण पडते असं मी म्हणते तेव्हा मी मेथीबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त सांगत असते, की खाल्ली तर मला तोंड येतं किंवा जळजळ होते. हा अनुभव आहे आणि तो खराच आहे. पण त्यातला 'मला' गळाला आणि 'पडते'च्या जागी 'असते' आलं की वाक्य बदलतं. 'पपई उष्ण असते' हे झालं फळाबद्दलचं विधान, सगळ्या बायकांना लागू, आणि तिथून 'पपईने पोट पडतं' फार लांब नाही. तुमच्या सासूबाई 'उष्ण पडतं' म्हणतात, पण त्यांना म्हणायचंय ते हे शेवटचं, फक्त सुनेसमोर तो शब्द तोंडातून काढवत नाही म्हणून उष्णच्या आडून बोलतात. आपल्याकडे अशुभ बोलायचं टाळायची ही जुनी रीत आहे आणि त्यामागे माया असते, ती मला खोटी वाटत नाही.

एक गंमतशीर गोष्ट म्हणजे ही दोन्ही फळं आपली नाहीतच. अननस हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतल्या नानास वरून पोर्तुगीजांच्या तोंडी अनानास होऊन आपल्याकडे आला, आणि पपई पण पोर्तुगीज पपाया वरून, मूळ कॅरिबियन बेटांकडचा शब्द. लिन्शोटेन नावाचा डच माणूस 1580 च्या दशकात गोव्यात राहिला होता, त्याने लिहून ठेवलंय की हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपाइन्स, तिथून मलाक्का आणि मग हिंदुस्थानात आलं. पपईला एरण्डकर्कटी असं संस्कृत नावही आहे, पण ते नंतर बसवलेलं, पान एरंडासारखं आणि फळ काकडीसारखं म्हणून. म्हणजे चरक सुश्रुतांनी पपई पाहिलेलीच नव्हती. गर्भिणीने अति उष्ण, तीक्ष्ण खाऊ नये हा नियम जुना, पपई त्या खान्यात नंतर जाऊन बसली. 'शास्त्रात लिहिलंय' असं कोणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

पण मग ती बसली कशी? उगाच नाही बसली. कच्ची पपई नखाने हलकी ओरखडून बघा, लगेच दुधासारखे पांढरे थेंब येतात, तो चीक. तो बोटाला लागला तर चुरचुरतो. त्यात पापेन असतं जे मटण मऊ करतं, म्हणून कबाबवाले कच्ची पपई वाटून लावतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 मध्ये उंदरांवर तपासलं की पपईने खरंच गर्भाला धोका होतो का. उंदरिणीच्या गर्भाशयाचा तुकडा वेगळा काढून त्यावर पिकलेल्या पपईचा रस घातला तर काही झालं नाही, पण पपईचा कच्चा चीक घातला तर तो तुकडा जोरात आवळला, कळा आणणारी औषधं घातल्यावर आवळतो तसा. आणि ज्या गाभण उंदरिणींना पाण्यातून पिकलेल्या पपईचा रस पाजला त्यांच्या पिल्लांच्या संख्येत फरक पडला नाही. हे उंदरांवरचं आहे, बायकांवरचं नाही, आणि वेगळ्या काढलेल्या तुकड्यावर चीक ओतणं म्हणजे भाजी खाणं नव्हे, कारण खाल्लेलं आधी पोटात पचतं. पण कच्ची पपई खाऊन बघा असं कुठल्याही गर्भार बाईला सांगून प्रयोग करणं शक्य नाही, म्हणून तिथे सावध राहणंच बरोबर, आणि डॉक्टरही तेच सांगतात.

म्हणजे घोळ एका नावाचा आहे. कच्ची आणि पिकलेली, दोघींना आपण पपईच म्हणतो. कैरी आणि आंबा हे वेगळे शब्द आहेत, म्हणून कैरीचा दोष आंब्याला लागत नाही. पपईला असा कैरीसारखा वेगळा शब्द असता तर निम्मी भीती आपोआप गेली असती असं मला मनापासून वाटतं. तर तुम्ही काय करायचं, कच्ची आणि अर्धकच्ची पपई टाळा, त्यात फाफड्यासोबत मिळणारा कच्च्या पपईचा संभारा पण आला, कोशिंबीर पण आली. फळ पूर्ण पिवळं झालंय, दाबलं तर मऊ लागतंय, देठाकडे ओरखडलं तर पांढरं काही येत नाही, असं असेल तर दोन चार फोडी खायला हरकत नाही. पिकताना चीक कमी कमी होत जातो. बाहेरून पिवळी पण देठाशी हिरवी आणि कडक असेल तर ठेवून द्या दोन दिवस. रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची अॅलर्जी असेल तर मात्र पपईपासून लांबच राहा, आणि गरोदरपणातली शुगर निघाली असेल तर किती खायची ते डॉक्टरांना विचारून.

अननसाचं थोडक्यात सांगते. त्यात पापेनसारखंच ब्रोमेलेन असतं, जीभ चरचरते ती त्यामुळे. पण बाजारातल्या ब्रोमेलेनच्या गोळ्या बनतात त्या अननसाच्या खोडापासून, आणि फळातून जे पोटात जातं त्यातलं बरंचसं पचून जातं. नेहमीच्या प्रमाणात अननस खाऊन गर्भपात होतो याला पुरावा नाही. जास्त खाल्लं तर जळजळ होईल, आणि त्याला 'मला उष्ण पडलं' म्हणायला माझी काहीच हरकत नाही. शिऱ्यातल्या शिजलेल्या अननसात तर ते ब्रोमेलेनही उरत नाही. फक्त त्या गोळ्या मनाने घेऊ नका, आणि गाडीवरची कापून ठेवलेली उघडी फळं नकोत, त्यांचं पाणी आणि सुरी कुठली असेल ते माहीत नसतं, जुलाब लागले तर या दिवसांत परवडत नाही.

आता घरातली एक गोष्ट, जी मी सहसा कोणाला सांगत नाही. माझ्या मावसबहिणीने एका लग्नात जेवणानंतर पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या. चौथ्या दिवशी अंगावर जायला लागलं. सोनोग्राफीत कळलं की बाळाच्या हृदयाचे ठोके नाहीत. घरात त्याच संध्याकाळी निकाल लागला, 'पपईचं निमित्त झालं'. ती कित्येक महिने कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. नंतर मी तिचा रिपोर्ट नीट वाचला. तारखेने तिला 10 आठवडे झाले होते, पाळी अगदी नियमित, आणि गर्भाची लांबी होती 7 आठवड्यांएवढी. म्हणजे वाढ थांबून तीन एक आठवडे झाले होते, आणि पपई खाल्ली चार दिवसांपूर्वी! ती फोड ताटात येण्याच्या कितीतरी आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, रक्त तेवढं उशिरा दिसलं. मी तिच्यासमोर बसून बोटांवर आठवडे मोजून दाखवले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी रडली.

तिच्याशी बोलताना मला निमित्त आणि कारण या दोन शब्दांतला फरक नीट कळला. बोलणाऱ्यांना कारण म्हणायचं असतं, पण तोंडी निमित्त येतं, आणि ऐकणारीला कारणच ऐकू येतं. समजलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के पहिल्या काही महिन्यांत गळतात, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, आईने काही खाल्ल्या न खाल्ल्याने ते बदलत नाही. एवढ्या बायकांपैकी कोणी ना कोणी आदल्या आठवड्यात पपई खाल्लेली असणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, तसं.

आणि शेवटचं, कारण हा उष्ण शब्द पपईपाशी थांबत नाही. सरकारी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून त्या लाल गोळ्या मिळतात ना, 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिडवाल्या, चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा 180 दिवस घ्यायच्या, त्या कित्येक घरांत 'उष्ण पडतात' म्हणून डब्यात पडून राहतात. पपई सोडली तर बाईचं काही बिघडत नाही, ही गोळी सोडली तर अंगात रक्त कमी राहतं आणि बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी जीवावर बेततं. तुम्हाला पण आता याच महिन्यात त्या सुरू होतील. घेतल्यावर शी काळी होते, ते लोहामुळे, घाबरायचं नाही. पोट कडक होतं, मळमळतं, तेव्हा रात्री जेवणानंतर घेऊन बघा, पाणी जास्त प्या, लगेच वर चहा नको कारण चहाने लोह अंगी लागत नाही, आणि तरी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून दुसरी गोळी मागा, मनाने बंद करू नका. सासूबाई जर म्हणाल्या 'गोळी उष्ण पडते', तर त्यांना प्रेमाने एवढंच विचारा, उष्ण म्हणजे काय होतं? पोट साफ होत नाही, की जळजळ होते, की चक्कर येते? कारण त्या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे, आणि डॉक्टरांना नुसतं 'उष्ण' सांगून त्यांना काही देता येत नाही.