अचानक नोकरी गेली. हाताशी आहे ते जुन्या खर्चाने सहा महिने पुरेल असं वाटतंय. आधी कोणती बिलं भरू, कोणती थांबवू आणि हे पैसे आणखी लांबवायचे कसे?

सर्वात आधी ते सहा महिने खरंच सहा आहेत का ते बघा, बहुतेक वेळा नसतात. माझी नोकरी गेली तेव्हा मीही असाच शिल्लक भागिले महिन्याचा खर्च हिशोब केला होता, आणि मग बायकोने विचारलं की विम्याचा हप्ता यात कुठे धरलायस? वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्याच्या हिशोबात दिसतच नाहीत. म्हणून मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि त्यातले फक्त हे वार्षिक खर्च वेगळे लिहा, विमा, शाळेची फी, गाडीचं मेंटेनन्स, टॅक्स वगैरे.

कळावं म्हणून साधे आकडे घेतो. समजा महिन्याचा खर्च 100 आहे आणि शिल्लक 600. त्या 100 मध्ये घरभाडं 25, गाडीच्या कर्जाचा हप्ता 12, किराणा 20, लाईट-पाणी-फोन-नेट मिळून 8, क्रेडिट कार्डला 10 आणि बाकी किरकोळ 25. आता येत्या काही महिन्यांत विमा आणि फी मिळून 90 जाणार आहेत, ते बाजूला काढले. दवाखाना किंवा अचानक काही निघालं तर 30 बाजूला. उरले 480, म्हणजे जुन्या पद्धतीने जगलात तर पाच महिनेसुद्धा नाहीत. कंपनीकडून फायनल सेटलमेंट यायचं असेल तर ते खात्यात जमा होईपर्यंत शून्य धरा, कारण ते उशिरा येतं आणि कापून येतं.

आता बिलांचा क्रम. इथे लोकं काय करतात, जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे देतात, आणि सगळ्यात जास्त फोन असतो क्रेडिट कार्डवाल्यांचा. तसं करू नका. प्रत्येक बिलासमोर एकच गोष्ट लिहा, हे दोन महिने नाही भरलं तर माझं नक्की काय जाईल? भाडं नाही भरलं तर घर जाईल, लाईट तोडली तर ज्या फोन-लॅपटॉपवर इंटरव्ह्यू द्यायचेत तेच बंद, औषधं थांबली तर तब्येत. हे सगळं पहिल्या रांगेत. आरोग्य विमाही त्यातच, आणि ग्रुप विमा कंपनीचा असेल तर तो कोणत्या तारखेला संपतो ते एचआरला आजच विचारा, बऱ्याचदा शेवटच्या दिवशीच संपतो. मध्ये गॅप पडला आणि नवीन पॉलिसी घेतली की जुन्या आजारांना पुन्हा वेटिंग पिरियड लागू शकतो. दुसऱ्या रांगेत तारण असलेली कर्जं, कारण तिथे हप्ते थकले तर वस्तू उचलून नेतात. कार्ड आणि पर्सनल लोन तिसऱ्या रांगेत. त्यांचं न भरल्याने व्याज, दंड, खराब क्रेडिट स्कोअर आणि मनस्ताप होतो, पुढे कोर्टातही जाऊ शकतं, पण लगेच घर हातचं जात नाही.

कार्डाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथेच पैसे गळतात. मिनिमम ड्यू भरला की खातं थकीत होत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं, आणि मागची बाकी असताना नवीन खरेदी केली तर साधारणपणे तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणून मिनिमम भरा आणि कार्ड वापरणं पूर्ण बंद करा. सगळी शिल्लक ओतून कार्ड फेडून टाकावं असंही वाटतं, गणिताने ते बरोबरही असतं, पण पगार बंद असताना हातातली कॅश व्याजापेक्षा महत्त्वाची आहे आणि गरज पडेल तेव्हा कार्डाचं लिमिट तेवढंच असेल याची खात्री नाही. बाकी अगदी छोटी असेल तर फेडून मोकळे व्हा, मोठी असेल तर नाही.

कर्जवाल्यांना हप्ता चुकायच्या आधी गाठा, नंतर नाही. एकदा खातं थकलं की फाईल वसुलीवाल्यांकडे जाते आणि त्यांच्या हातात द्यायला फारसं काही नसतं. ईमेल करा, नोकरी गेल्याची तारीख लिहा, दर महिन्याला किती भरू शकता तो आकडा लिहा, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. ते बहुतेक काही महिने हप्ता थांबवायचं सुचवतील. तेव्हा दोन गोष्टी विचारा, थांबलेल्या काळात व्याज चालू राहणार का (जवळजवळ नेहमी राहतं) आणि क्रेडिट रेकॉर्डवर हे कसं दिसणार. लेखी उत्तर येईपर्यंत ऑटो डेबिट चालू ठेवा आणि खात्यात तेवढे पैसे ठेवा, नाहीतर हप्ता बाउन्स होऊन बँकेचा वेगळा आणि कर्जवाल्याचा वेगळा असा दोनदा दंड लागू शकतो.

वरच्या उदाहरणात हप्ता 12 चा 8 झाला, कार्डाला मिनिमम 4, किराणा 16, लाईट-नेट 6, आणि किरकोळ 25 चे 7. भाडं तेवढंच. एकूण 66. म्हणजे 480 आता सात महिन्यांच्या थोडं वर जातात. बघा, सगळ्यात जास्त वाचलं ते किरकोळमध्येच, किराण्यात नाही, तरी घराघरात भांडणं किराण्यावरूनच होतात.

नंतर स्वतःला पगार सुरू करा. सगळी शिल्लक वेगळ्या खात्यात, एक तारखेला त्यातून फक्त ठरलेले 66 खर्चाच्या खात्यात, आणि त्या मोठ्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात नको. किराणा आणि किरकोळचे 23 मात्र आठवड्याने काढा, कारण महिन्याचे एकदम काढले की जास्त खर्च झाल्याचं वीस तारखेनंतर कळतं. आणि त्या 23 ला चारने भागू नका! वर्षात आठवडे 52 असतात, चारने भागलं तर बारा महिन्यांत तेरा महिन्यांचा खर्च होतो. 4.3 ने भागा, आठवड्याला साधारण 5.3 येतात. एफडी मोडायची असेल तर एक मोठी मोडण्याऐवजी छोटी मोडा, निवृत्तीचे पैसे सगळ्यात शेवटी, तिथे बऱ्याचदा टॅक्स किंवा दंड बसतो.

आणि एक आकडा आत्ताच घरच्यांसोबत बसून ठरवा. शिल्लक तीन महिन्यांवर आली (वरच्या हिशोबात 198) की काय करायचं? स्वस्त घरात जायचं, गाडी विकायची, की मिळेल ते काम धरायचं, जे ठरेल ते. तीन महिने अशासाठी की घर बदलायलाही डिपॉझिट आणि सामान हलवायचा खर्च येतो, गाडीलाही गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, आणि घाईत विकायला काढली हे समोरच्याला कळलं की तो भाव पाडणारच. एक महिना उरल्यावर यातलं काहीच नीट जमत नाही. दर एक तारखेला शिल्लक भागिले 66 करून बघत रहा, पगार काढायच्या आधी.