स्पेनमध्ये डॉक्टरांसमोर निदान नको, दुखण्याचा प्रवास सांगा

प्रश्न : पुढच्या महिन्यात स्पेनला जातोय, स्पॅनिश जेमतेम येतं. आजारी पडलो तर दुखणं डॉक्टरांना कसं सांगायचं? कुठले शब्द पाठ करू?

दुखण्याची विशेषणे पाठ करण्यात वेळ घालवू नका. ठणकते की टोचते, हे कळवळणाऱ्या माणसाला मराठीतही धड सांगता येत नाही. दुखणे कुठे आहे, केव्हा सुरू झाले, जागा बदलली का आणि कशाने वाढते, एवढे सांगता आले की डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.

ग्रानादामध्ये असताना माझ्या यजमानांच्या पोटात रात्री बेंबीभोवती दुखू लागले. सोबत धाकटे दीर होते. त्यांनी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात संभाषण-पुस्तिकेतला ‘गासेस’ हा शब्द इतक्या आत्मविश्वासाने ऐकवला, की गॅसचा रुग्ण समजून आम्हाला बराच वेळ बाकावर बसवून ठेवण्यात आले. अखेर डॉक्टर आले, तेव्हा दिरांना बाजूला सारून मी यजमानांच्या बेंबीवर बोट ठेवले आणि ‘एम्पेसो आकी, आनोचे’, म्हणजे काल रात्री इथे सुरू झाले, असे सांगितले. मग बोट उजवीकडे खाली नेऊन ‘आओरा, आकी’, आता इथे, एवढेच म्हटले. डॉक्टरांनी लगेच तिथे हळूहळू दाबून हात झटकन उचलला आणि ‘मास?’, जास्त का, असे विचारले. उत्तर यजमानांच्या किंचाळण्यातूनच मिळाले. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा आधी बेंबीभोवती मोघम जाणवते आणि सूज पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोहोचली की उजवीकडे खाली एका जागी स्थिरावते. सोनोग्राफी झाली आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया.

‘सोनोग्राफीत दिसलेच असते,’ असे दीर आजही प्रत्येक समारंभात सांगतात. पण गॅस म्हणून आलेल्या माणसाची सोनोग्राफी कोण आणि कशासाठी सांगणार, याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही. रुग्णाने लक्षणे सांगावीत, निदानाची घाई करू नये.

तेव्हा स्वतःसाठी ‘मे द्वेले आकी’, म्हणजे मला इथे दुखते, आणि दुसऱ्यासाठी ‘ले द्वेले आकी’ हे पाठ करा. डॉक्टर दाबत असताना ‘मास’, ‘मेनोस’ आणि ‘इग्वाल’, म्हणजे जास्त, कमी आणि तेवढेच, यांवर बहुतेक निभावते.

अर्थात बोट दाखवून सगळेच सांगता येत नाही. औषधाची ॲलर्जी असल्यास ती स्पॅनिशमध्ये लिहूनच न्या. घेतलेल्या गोळीचे नाव सांगताना आपल्याकडचा ब्रँड नको, पॅरासिटामॉलसारखे मूळ औषधाचे नाव सांगा. आणि छातीत दुखून घाम फुटला, तर शब्द जुळवत बसू नका, ११२ फिरवा.