मुलीचा शिष्यवृत्तीचा निबंध, आणि परत केलेलं परमिट

प्रश्न: आपल्या मुलाने किंवा मुलीने लिहिलेलं काही तुम्ही त्यांच्या नकळत वाचलंय का? त्यातून आधी माहीत नसलेलं काही कळलं का? आणि मग ते त्यांना सांगितलंत का?

वाचलंय, कळलंय, आणि सांगितलंय ते अर्धंच.

मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वायरमन आहे. कागदोपत्री हुद्दा वेगळा, पण गावात आम्हाला वायरमनच म्हणतात. मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली आणि पुढे बाहेरच्या देशात शिकायला शिष्यवृत्तीचा अर्ज करत होती. अर्जासोबत पाचशे शब्दांचा इंग्रजी निबंध जोडायचा होता: हाच विषय का निवडलात? तिने तो मला फोनवर पाठवला आणि सांगितलं, "बाबा, प्रिंट काढून आमच्या जुन्या इंग्रजीच्या सरांना द्या, ते भाषा तपासतील. आणि येताना उत्पन्नाचा दाखलाही घेऊन या." 'वाचू नका' असं ती म्हणाली नव्हती. 'वाचा' असंही नाही.

सेतू केंद्रात सर्व्हर डाऊन होता. पुढे वीसेक माणसं, हातात निबंधाचे दोन कागद. काढले आणि उभ्या उभ्या वाचायला लागलो. माझं इंग्रजी आयटीआयपुरतं, पण फीडर, परमिट, ब्रेकर, अर्थिंग हे शब्द रोज तोंडात असतात, त्यामुळे नेमका मधला भाग मला सरांपेक्षा जास्त कळला असणार.

सुरुवात तिच्या लहानपणापासून होती. पावसाळ्यात रात्री लाईट गेली की मला फोन यायचा आणि मी बॅटरी, दोर, हातमोजे घेऊन निघायचो. पुढचं तिने लिहिलं होतं ते असं: बाबा गेले की मी पडवीतल्या बल्बचं बटण चालू करून ठेवायचे आणि अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचे. लाईट आली की बल्ब लागायचा. बल्ब लागला म्हणजे बाबांनी परमिट परत केलं, म्हणजे बाबा खांबावरून उतरले. मग मी झोपायचे. गावाला लाईट आली याचा आनंद व्हायचा, मला त्यातून फक्त बाबांची खबर मिळायची.

हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की रात्री एक-दोनला घरी यावं तर पडवीतला दिवा भकाभका जळत असायचा. मी तो बंद करायचो आणि सकाळी ओरडायचो, "वायरमनच्याच घरी दिवे जळत ठेवता, बिल कोण भरणार?" हिची आई म्हणायची, मी नाही लावला. पोरगी दूध पीत गप्प.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी परमिट काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर हात लावायचा तर आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून ती बंद करून घ्यावी लागते. तो ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडतो, 'माणसं काम करत आहेत' ही पाटी लावतो आणि वहीत नोंद करून परमिटचा नंबर देतो. तरी आम्ही वर चढत नाही. लाईन मेली आहे का ते तपासायचं, मग कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा एकमेकींना जोडून जमिनीला टेकवायच्या, म्हणजे अर्थिंग करायचं. काम झालं की खाली उतरून माणसं मोजायची, अर्थिंग काढायचं, आणि ज्याच्या नावावर परमिट आहे त्यानेच ते परत करायचं. त्यानंतरच ऑपरेटर लाईन चार्ज करतो. तिला हे सगळं कोणी शिकवलं नव्हतं. मी फोनवर बोलायचो, "परमिट रिटर्न, माणसं खाली, चार्ज करा," ते ऐकून तिने आपलं आपण जुळवलं होतं.

निबंधाचा दुसरा भाग निसर्ग वादळाचा. ३ जून २०२० ला ते आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. खांब आडवे, तारा झाडांत, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपलेल्या, मोबाईलची रेंज नाही. ती तेव्हा सतरा वर्षांची. आम्ही सकाळी जायचो ते अंधार पडल्यावरच परत, आणि लाईट तर कित्येक दिवस येणारच नव्हती. तिने लिहिलं होतं, माझा बल्ब निकामी झाला. बटण चालू ठेवूनही उपयोग नव्हता. मग मी बाबांना प्रश्न विचारायला लागले.

ते प्रश्न मला आठवतात. मी अंगणात पाय धूत असायचो आणि ही तांब्या घेऊन उभी. लाईन बंद आहे हे तुम्हाला कसं कळतं? ऑपरेटरने बंद केलीय, पण दुसरीकडून करंट येऊ शकतो का? मला वाटायचं, कॉलेज बंद, पोरीला वेळ जात नाहीये. पण उत्तरं खरी दिली. म्हटलं, येतो. जनरेटरमधून येतो.

आणि तोच तिच्या निबंधाचा गाभा निघाला. आपल्या घराजवळची डीपी अकरा हजाराचे चारशे तेहतीस व्होल्ट करते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालच्या बाजूने कोणी जनरेटरची वीज घातली तर तोच डबा ती चढवून वर अकरा हजार करतो. लाईन सबस्टेशनात बंद, पाटी लावलेली, परमिट हातात, आणि तार जिवंत. एरवी असं झालं तर बहुतेक वेळा जनरेटरच दम टाकतो, कारण सगळ्या आळीचा लोड त्याच्यावर येतो. वादळानंतर मात्र तारा जागोजागी तुटलेल्या असतात. लोडच नसतो, मग जनरेटर मजेत चालत राहतो. धोका तेव्हाच सगळ्यात जास्त, आणि नेमक्या त्याच दिवसांत वाडीवाडीत वर्गणी काढून जनरेटर आणलेले असतात, पाण्याचा पंप आणि मोबाईल चार्जिंगसाठी. आमचा जीव वाचतो तो दोन्ही बाजूंच्या अर्थिंगमुळे. एका बाजूचा कंटाळा केला तर नाही.

यापुढचं वाचताना मी रांगेतून बाजूला झालो. मागच्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

तिने लिहिलं होतं की त्या दिवसांत मी कामावर गेलो की ती सायकल काढायची आणि ज्या ज्या घरी जनरेटरचा आवाज येईल तिथे जायची. मीटरजवळचा मेन स्विच खाली आहे का बघायचा. नसेल तर म्हणायचं, "काका, मेन पाडा आणि मग चालवा, लाईनवर माणसं आहेत." बरेच जण ऐकायचे. एका ठिकाणी जनरेटरवाला हसला आणि म्हणाला, तुझा बाप सबस्टेशनला सांगून चढतो ना, मग तुला काय काळजी? ती हटली नाही. त्याने मेन पाडेपर्यंत तिथेच बसून राहिली. तिला चेंजओव्हर स्विच म्हणजे काय ते तेव्हा माहीत नव्हतं. घराला एका वेळी लाईन किंवा जनरेटर, दोन्हीपैकी एकच जोडता येईल असा तो साधा स्विच असतो. तो तिथे असता तर तिला बसावं लागलं नसतं. निबंधात तिचं म्हणणं हेच होतं: माणसाच्या आठवणीवर आणि एखाद्या मुलीच्या सायकलवर सुरक्षितता अवलंबून असू नये, खालून येणारी वीज लाईनला स्वतःच ओळखता आली पाहिजे. आता घराघरांवर सोलर आलंय, त्यामुळे वीज खालून वर जाणं रोजचंच होणार आहे. सोलरचे इन्व्हर्टर लाईन मेली की आपोआप बंद पडतात, जुना जनरेटर पडत नाही. तिला या विषयावर काम करायचंय.

त्या आळीतल्या एकानेही मला कधी सांगितलं नाही की तुमची मुलगी येऊन मेन पाडायला लावते. लोकांना वाटलं असेल मीच पाठवलंय.

निबंध सरांना दिला. त्यांनी स्वल्पविराम दुरुस्त केले, दोन वाक्यं जोडली, म्हणाले उत्तम आहे. पण सरांना जे दिसणं शक्य नव्हतं ते मला दिसलं होतं. तिच्या बल्बच्या हिशेबात दोन चुका होत्या.

पहिली अशी की एका फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या एका लाईनवर, एका वेळी दोन-तीन टोळ्यांची परमिटं असतात. शेवटचं परत येईपर्यंत ऑपरेटर लाईन चार्ज करत नाही. म्हणजे कितीतरी रात्री मी केव्हाच उतरून टपरीवर चहा पीत दुसऱ्या टोळीची वाट बघत बसलेला असणार, आणि इकडे ही डोळे ताणून जागी.

दुसरी चूक उलट्या बाजूची. फॉल्ट लाईनच्या लांबच्या फांदीवर असेल तर आम्ही मधला एबी स्विच, म्हणजे लाईन मध्येच तोडायचा खांबावरचा स्विच, उघडतो. फांदी मेलेली राहते आणि अलीकडच्या गावांना लाईट देऊन टाकतो. उगाच सगळ्यांना अंधारात कशाला ठेवायचं? आमचं घर त्या स्विचच्या अलीकडे आहे. तेव्हा पडवीतला बल्ब लागायचा, ती झोपायची, आणि मी त्यानंतर खांबावर चढायचो.

रात्री फोन केला. म्हटलं, "सरांनी तपासून दिलंय. दुसऱ्या परिच्छेदात एक दुरुस्ती माझी आहे. परमिट एक नसतं, अनेक असतात. सगळी परत आल्यावरच लाईट येते. तसं लिही."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही वाचलंत."

"सर्व्हर डाऊन होता."

ती हसली. म्हणाली, "अजून काही चुकलंय का?"

म्हटलं, "नाही, बाकी बरोबर आहे."

एबी स्विचचं मी तिला सांगितलेलं नाही. ती इंजिनियर आहे, फीडरचा नकाशा तिला माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो. कधीतरी आमच्या घराची जागा त्यावर बघितली असेल तर तिला ते केव्हाच कळलेलंही असेल.