स्वप्नातला दगा : उजळणी की तालीम?

प्रश्न : "माझ्या जिवलग मैत्रिणीनं माझं गुपित सगळ्यांत फोडलं, त्याला वर्ष झालं. अजून ती सपनात येऊन दगा देती, पण दर वेळी वेगळ्याच तऱ्हेनं. झोपेत दुखणं असं पुन्हा पुन्हा होतं त्याला उजळणी म्हणावं का तालीम?" – एक वाचक, परभणी

तुमच्या बाबतीत तालीम. उजळणी होते ती पाठ झालेल्या गोष्टीची. पाढ्यांच्या उजळणीत बे दुणे चारच यायला हवेत. काही बदललं तर ती चूक. तालीम हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिकवण. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेली आपल्याकडची जुनी माणसं शाळेच्या शिक्षणालाही तालीमच म्हणायची. मराठीत तो आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला चिकटला. आखाड्यात गडी तोच असला तरी डाव रोज वेगळा पडतो, आणि नजर पुढच्या कुस्तीवर असते.

स्वप्नं बहुधा याच चालीनं जातात. घडलेला प्रसंग जसाच्या तसा क्वचितच दिसतो. भावना तीच राहते, देखावा बदलतो. खरं तर गुपित फुटलं, पण स्वप्नात मैत्रीण तुम्हाला स्टँडवर सोडून एसटीत बसून निघून जाते, किंवा परीक्षेत तुमचाच पेपर उचलून नेते. मधेच शाळेतली बाई, माहेरचं अंगणही घुसतं. अंती रेवोन्सुओ या फिनिश संशोधकानं 2000 साली मांडलं, की स्वप्न म्हणजे धोक्याशी सामना करण्याचा सराव. (आपल्याकडं दगा दिला याला 'धोका दिला' म्हणतात, इथं दोन्ही अर्थ चालतील.) या मतावर आक्षेपही आहेत. पुष्कळ स्वप्नांत माणूस नुसता खिळून उभा राहतो, डाव टाकतच नाही. मग सराव कसला?

मला जास्त पटतं ते स्वप्नांच्या अमेरिकी संशोधक रोझलिंड कार्टराइट यांचं काम. घटस्फोटानं खचलेल्या माणसांची स्वप्नं त्यांनी अभ्यासली. ज्यांच्या स्वप्नात जोडीदार भावनेसकट यायचा आणि जुन्या आठवणींत मिसळायचा, ती पुढं जास्त सावरलेली दिसली. यावरून स्वप्नामुळंच ती सावरली असं मात्र सिद्ध होत नाही.

उजळणी म्हणावी अशीही स्वप्नं असतात. तोच प्रसंग, तेच शब्द, तिथंच दचकून जाग. मोठ्या आघातानंतर असं होतं. त्यावर एक उपचार आहे : दिवसा, पूर्ण जागेपणी, त्या स्वप्नाचा शेवट आपल्याला हवा तसा बदलून लिहायचा आणि ते नवं स्वप्न रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. झोप वारंवार मोडत असेल तर हे मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीनं करावं.

राहिली 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण. ती तुमच्या मनाबद्दल बोलते, मैत्रिणीच्या नाही. तिनं आज काही नवं केलं असेल या संशयाला सपनाचा पुरावा चालणार नाही.