पेपर कोरा ठेवणारी मुलगी आणि शाळेला लिहायचं पत्र

ताई, माझी मुलगी नववीत आहे. घरी सगळं न बघता लिहून दाखवते. पण परीक्षेच्या दिवशी सकाळपासून उलट्या, हात गार, आणि पेपर हातात आला की डोकं रिकामं. घटक चाचणीत गणिताचा पेपर कोरा देऊन आली. सहामाही तीन आठवड्यांवर आहे. शाळेला पत्र लिहायचंय, पण ‘लाडावलेली’ असा शिक्का बसेल असं वाटतं. काय लिहू? – एक आई

‘तिला परीक्षेची खूप भीती वाटते’ एवढंच लिहिलंत तर शिक्का बसण्याची शक्यता आहे, कारण ते वाक्य वर्गातल्या निम्म्या मुलांना लागू पडतं. घडलेलं लिहा. पेपर कोरा होता, हे शिक्षकांनी स्वतः पाहिलंय. त्याला घरचा पुरावा जोडा: त्याच प्रश्नपत्रिकेतले चार-पाच प्रश्न आता घरी वेळ लावून सोडवून घ्या आणि ते पान पत्रासोबत द्या. कोऱ्या पेपराशेजारी सोडवलेलं पान आलं की ‘अभ्यास केला नव्हता’ हा मुद्दा फारसा उरत नाही.

आता मागायचं काय. पेपरातून सूट मागू नका, मन कितीही कळवळलं तरी. भीती पहिल्या काही मिनिटांत चढते आणि बसून राहिलं तर हळूहळू उतरते. मूल त्याआधीच घरी आलं, तर सुटका पळून आल्यामुळे झाली असं ते शिकतं आणि पुढच्या पेपराला भीती आणखी लवकर येते. म्हणून मागणी अशी हवी, की ती खोलीत टिकेल. शाळेला खर्च नसलेल्या, पर्यवेक्षकांना सहज पाळता येतील अशा तीनच गोष्टी मागा. दहा मागितल्यात तर एकही नीट पाळली जाणार नाही.

पत्राचा मसुदा देते, तुमच्या तपशिलांनी भरा:

‘आदरणीय मुख्याध्यापिका, माझी मुलगी (नाव, इयत्ता ९वी, तुकडी) हिने घटक चाचणीत गणिताचा पेपर कोरा दिला. तेच प्रश्न तिने घरी सोडवले, ते पान सोबत जोडले आहे. परीक्षेच्या सकाळी तिला उलट्या होतात आणि पेपर पाहताच काही आठवत नाही. सहामाहीपुरती विनंती आहे: १. तिला दाराजवळच्या बाकावर बसवावे आणि इतरांच्या दहा मिनिटे आधी आत जाऊ द्यावे. २. गरज पडल्यास एकदा, पाच मिनिटे, पर्यवेक्षकांच्या नजरेत बाहेर उभे राहू द्यावे. त्यानंतर ती तोच पेपर पुढे लिहील. ३. तिचे गुण वर्गात मोठ्याने वाचू नयेत. वेळ वाढवून किंवा गुणांत सवलत नको. परीक्षेनंतर भेटून यातले काय कमी करता येईल ते ठरवू.’

पहिली मागणी किरकोळ वाटेल, पण वर्गाबाहेरच्या घोळक्यातलं ‘अगं, हे प्रमेय येणारे का?’ पुष्कळ मुलांचा घात करतं. शेवटच्या वाक्याने शाळेला कळतं, की ही सोय कायमची नाही.

पत्र आधी मुलीला वाचून दाखवा. दाराजवळचा बाक तिलाच नको असेल (‘सगळे बघतील’), तर तो बदला. तिला न सांगता शाळेत कुजबूज झाली, तर भीतीत लाजेची भर पडेल. मग वर्गशिक्षिकेची वेळ घेऊन पत्र हातात द्या. पालकसभेच्या गर्दीत नको, रात्रीच्या व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशीच्या पर्यवेक्षकांना हे कोण सांगणार, ते तिथेच विचारा. कपाटात राहिलेलं पत्र बाहेर उभं राहू देत नाही.

घरी दोनदा रंगीत तालीम करा: घड्याळ, कोरा कागद, टेबलावर पाणी. पेपर मिळाला की आधी नाव-क्रमांक, मग चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असं पाच वेळा. मग येणारा सर्वांत सोपा प्रश्न, तो तिसरा असला तरी. हात चालू लागला की बाकीचंही आठवू लागतं.

आणखी एक शक्यता तपासा. हे मुख्यतः गणितातच होत असेल, किंवा वाचन पहिल्यापासून संथ असेल, तर भीतीमागे अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण, असू शकते. तिची तपासणी आणि प्रमाणपत्र यांना वेळ लागतो, आणि दहावीच्या बोर्डात सवलती शाळेमार्फत, प्रमाणपत्रावरच मिळतात; तिथे वर्गशिक्षिकेचा चांगुलपणा चालत नाही. म्हणून हे नववीतच विचारा.

ती आठवडाभर झोपत-जेवत नसेल, तर शाळेच्या उत्तरासाठी थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘मी नकोच’ असं काही बोलली, तर त्याच दिवशी, आणि तिला एकटी ठेवू नका. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लागतो, तिथे मराठीत बोलता येतं.