रक्तदान करताना चक्कर आली तर?

पहिल्यांदाच शिबिरात रक्त देणार आहे. सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडेन अशी भीती वाटते. काय करू?

चक्कर बहुतेकांना येत नाही. आली तरी बहुधा ती रक्त कमी झाल्यामुळे नसते. एका वेळी ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतात आणि तेवढं शरीर सहज सोसतं. भीतीमुळे किंवा सुई पाहून नाडी मंदावते, रक्तदाब थोडा वेळ उतरतो, म्हणून गरगरतं. काहींना तर सुई टोचण्याआधीच तसं होतं.

उपाशीपोटी जाऊ नका. रक्त देण्याआधी अर्ध्या तासात दोन ग्लास पाणी प्या, त्यानं रक्तदाब टिकायला खरंच मदत होते. झोपल्यावर मांड्या आणि पोटऱ्या काही सेकंद घट्ट आवळून सैल सोडत राहा. सुईकडे पाहायलाच हवं असं नाही.

चक्कर बहुधा अचानक येत नाही, आधी घाम फुटतो, जांभया येतात, मळमळतं. तेव्हाच नर्सला सांगा. ते रक्त घेणं थांबवतील, पाय उंच करून आडवं ठेवतील, आणि बहुधा काही मिनिटांत बरं वाटेल. पडण्याचा धोका खरा असतो तो घाईनं उठल्यावर. म्हणून नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा.